चष्मा, टोपी आणि कागदी जहाज

स्वातंत्र्यदिनाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या वेशभूषा स्पर्धेत बालकलाकार रंगमंचावर जेमतेम मिनिटभर उभा असतो. तो तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षकांनी त्याला ओळखावे, हीच त्या वेषाची कसोटी. वेष उंची असूनही अनेकदा ओळख चुकते. कारण एखादी वस्तू त्या काळातील अनेकांची असते, आणि व्यक्ती ओळखण्यासाठी केवळ तिचीच अशी खूण लागते.

गांधीजींचेच उदाहरण घेऊ. गोल चष्मा, काठी, गुडघ्यापर्यंतचा पंचा आणि कमरेला लटकणारे घड्याळ इतके असले की शंका उरत नाही. परंतु हौसेने पालक मुलाच्या डोक्यावर गांधी टोपीही चढवतात आणि तेथेच घोटाळा होतो. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराई येथे गांधीजींनी पंचा स्वीकारला. त्यानंतरची त्यांची सर्वपरिचित मूर्ती उघड्या मस्तकाचीच आहे. टोपी त्यांच्या नावाची असली, तरी चित्रांत ती दिसते पंडित नेहरूंच्या आणि लालबहादूर शास्त्रींच्या डोक्यावर. त्या दोघांतही शेरवानीवर गुलाब दिसला तर नेहरू. साधे धोतर आणि गुलाबाविना कोट असेल तर शास्त्रीजी.

पगडीचेही असेच आहे. लाल पुणेरी पगडी, उपरणे आणि भरघोस मिशा म्हणजे लोकमान्य टिळक. याच मुलाच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, की जाणकार परीक्षकाला तो नामदार गोखले वाटू लागतो. कारण प्रचलित चित्रांत गोखल्यांना चष्मा आहे, टिळकांना नाही. येथे एक जास्तीची वस्तू संपूर्ण ओळख बदलून टाकते.

मुलींच्या बाबतीत नऊवारी साडी काहीच सांगत नाही. हाती तलवार आणि पाठीशी शेल्याने बांधलेली बाहुली असेल, तर ती दत्तकपुत्र दामोदररावांसह निघालेली झाशीची राणी. बाहुली काढली की उरते ती केवळ एक शूर स्त्री. पांढरी साडी आणि तळहातावर शिवलिंग म्हणजे अहिल्याबाई होळकर. कपाळी ठसठशीत कुंकू आणि हाती पुस्तक म्हणजे सावित्रीबाई फुले.

सर्वांत कमी खर्चाचा आणि तरीही निःसंशय वेष गाडगेबाबांचा. अंगात ठिगळांचे कपडे, हाती खराटा आणि डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. ते खापर हेच त्यांचे जेवणाचे भांडे. खराटा अन्य कोणाच्याही हाती दिसू शकतो. खापर मात्र त्यांचेच.

खरा पेच पडतो तो ज्यांचे चित्र घराघरांत पोहोचलेले नाही अशा व्यक्तींचा. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे त्यांपैकी एक. त्यांची पगडी, चष्मा वा काठी अशी कोणतीही लोकप्रसिद्ध खूण नाही. मग त्यांना ओळखावे कसे? त्यांच्या कार्यावरून. 5 एप्रिल 1919 रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. म्हणून कोट घातलेल्या मुलाच्या हाती पुठ्ठ्याचे जहाज द्यावे.

पण एवढ्याने भागत नाही. स्वदेशी जहाज म्हटले की तुतिकोरिनचे चिदंबरम पिळ्ळै हेही आठवतात. त्यांची कंपनी 1906 सालची. जाणकार परीक्षक येथे अडखळेल. तेव्हा दुसऱ्या हाती खेळण्यातले विमान द्यावे. 1940 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी वालचंदांनी उभी केली. विमान आले की पिळ्ळै आपोआप बाद होतात. खिशातून एक छोटी मोटारगाडीही डोकावू द्यावी. 1944 मध्ये स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यांचीच. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणारा पुरुष एकच, हे परीक्षकाला क्षणात उमगते. जहाजावर ‘लॉयल्टी’ हे नाव ठळक अक्षरांत लिहिले, तर मागच्या रांगेतील आजोबाही ओळखतील.

तयारी पूर्ण झाल्यावर घरच्याच, पण वेष ठरवताना हजर नसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर मुलाला न बोलता उभे करावे. मग एकेक वस्तू काढून घेऊन पाहावे. जी काढताच नाव हरवते, ती खरी खूण. ती मोठी करावी आणि पुढच्या हाती द्यावी. जी काढूनही ओळख कायम राहते, ती घरीच ठेवावी.