आधी शून्य बघा

मेव्हण्याची डिझेल गाडी चांदणी चौकाच्या चढावर अचानक मरगळली. पाय कितीही दाबा, काटा तीन हजारांच्या पुढे जाईना. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावण्याआधीच निकाल दिला: "फिल्टर चोक झालाय, नवा टाका." खर्चाचा आकडा ऐकून मेव्हणा गप्पच झाला.

२०२० साली बीएस-६ नियम लागू झाल्यापासून आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत हा काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. साचलेली काजळी साधारण ६०० अंशांवर जाळून गाडी तो स्वतःच साफ करते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते जळण अर्धवट राहतं, मग फिल्टरचा पिवळा दिवा लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं सलग चालवा. तेव्हा गाडीची ताकद बहुधा शाबूत असते.

लिंप मोडचं तसं नाही. तिथे गाडीचा संगणक इंजिनाला हानी होऊ नये म्हणून ताकद मुद्दाम कापतो. फिल्टर खरोखर भरला तरी कापतो आणि फिल्टरचा अंदाज देणाऱ्या सेन्सरवर विश्वास उरला नाही तरी कापतो. घोटाळा इथेच होतो.

हा सेन्सर फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन नळ्यांतून घेतो आणि त्यांतला फरक मोजतो. इंजिन बंद असताना धूर वाहतच नाही, म्हणजे फरक शून्याच्या आसपासच हवा. आम्ही दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही आणि स्कॅनर आमच्यापुढे धरला. आकडा होता ३८ मिलिबार! गाडी सुरू केल्यावर ४५, तीन हजार फेऱ्यांना ८०. मुळातले ३८ वजा केले, तर उरतात ७ आणि ४२. वाट मोकळी असल्याचं लक्षण. फिल्टर खरंच तुंबलेला असता तर बंद इंजिनाला शून्य दिसून, फेऱ्या वाढवताच आकडा दोनशेच्या घरात गेला असता. (नेमक्या मर्यादा प्रत्येक गाडीच्या वेगळ्या.) स्कॅनरवर कोडही P2453 होता, म्हणजे सेन्सरच्या मापाबद्दल शंका, काजळी साचल्याचा P2463 नव्हता.

त्याने आधी नळ्या तपासल्या. पुढची नळी उष्णतेने तडकली किंवा निसटली तर उलट होतं: आकडा वाढतच नाही आणि भरलेला फिल्टरही रिकामा वाटतो. आमच्या नळ्या धड होत्या. सेन्सर बदलला, स्कॅनरवरून नवं शून्य शिकवलं, कोड पुसला. मात्र सेन्सर बिघडल्यापासून संगणकाने काजळी जाळणंही थांबवलं होतं, त्यामुळे थोडी साचली होतीच. महामार्गावरून एक लांब फेरी मारून यावं लागलं. महिनाभर तसंच रेटलं असतं, तर पहिल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं.