माथेरान, तिसरी संध्याकाळ

पाय धुतले तर बादलीतलं पाणी विटकरी झालं. भाच्याने आखून दिलेला कार्यक्रमाचा कागदही आता त्याच रंगाचा झालाय. उद्या उतरायचं, तर आज त्याचा हिशेब लावावा.

त्याचं एक मात्र अगदी बरोबर. जानेवारीतला मंगळवार ते शुक्रवार त्याने निवडला. शनिवार-रविवारी दस्तुरीला गाडी लावायलाच वेळ जातो. पुढे मोटारी बंद, त्यामुळे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजच्या शटलने. सामान हमालाकडे देऊन आम्ही रुळांच्या कडेने चालत आलो. पहिल्या दिवशी एवढंच ठेवलं होतं, तेही शहाणपणाचं.

घोळ झाला तो काल. कागदावर एका दिवसात सात पॉइंट होते: सकाळी पॅनोरमा, दुपारी वन ट्री हिल, संध्याकाळी पॉर्क्युपाइन. नकाशावर बोटाने फिरवलं तर सोपं वाटतं. पण माथेरानचं पठार उत्तर-दक्षिण लांबट आहे. पॅनोरमा उत्तरेच्या टोकाला, वन ट्री हिल दक्षिणेला, आणि दोन्हींच्या मध्ये बाजार. शहरात तासाला चार-पाच किलोमीटर चालणारा माणूस इथल्या लाल मातीत, दगडगोट्यांत आणि मुळांत तीनही गाठत नाही. त्यात माकडांपासून पिशवी सांभाळायची.

पॅनोरमाला सूर्योदयासाठी सव्वासहाला निघा, असं लिहिलं होतं. बाजारातून तो सुमारे पाच किलोमीटर. या दिवसांत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे पाचलाच बॅटरी घेऊन निघायला हवं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. वाईट काही नाही, पण झोपमोड फुकट. खरं तर सूर्योदयालाच जायचं, तर त्या दिवशी दुसरं काही ठेवूच नये.

आज कागद बाजूला ठेवला आणि फक्त पश्चिमेची कड घेतली. शार्लोट तलाव, जवळचं पिसरनाथ, मग एको, लुईझा. हे सगळं एकाच बाजूला, बहुतेक वाट झाडांच्या सावलीत. लुईझावर दुपारी प्रबळगड धुरकट होता. पॉर्क्युपाइनवर पोचेपर्यंत ऊन कललं आणि त्याची कड उठून दिसू लागली. पश्चिमेकडचे पॉइंट दुपारनंतर, पूर्वेकडचा गार्बेट सकाळी: उन्हाच्या दिशेने आखलं असतं तर सात काय, तीन पॉइंटही पुरले असते.

उद्यासाठी कागद म्हणतो, ‘मिनी ट्रेनने नेरळ’. १९०७ पासूनची ती गाडी, हौस मलाही आहे. पण आमची मोटार दस्तुरीला उभी आहे, हे भाचा विसरला. तेव्हा शटलने अमन लॉजपर्यंत जाऊ. तेवढीच हौस भागेल. त्याआधी चिक्की घ्यायची आहे.