नफ्याकडे पाठ फिरवणारा मॅनेजर

विल्यम बॉमोल हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ मोठ्या कंपन्यांना सल्ला देत असत. तिथे त्यांना एक गोष्ट सतत दिसायची. वरच्या खुर्च्यांवरचे अधिकारी नफ्यापेक्षा विक्रीच्या आकड्याला जास्त जपतात. नफा बरा असला की पुरे, उलाढाल मात्र दरवर्षी वाढलीच पाहिजे. 1959 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. तेव्हापासून पुष्कळांचा समज असा झाला, की मालकाला हवा नफा आणि नोकराला हवी मिरवायला उलाढाल, म्हणजे यात मालकाचे नुकसानच.

1980च्या दशकात जॉन विकर्स, खाइम फर्स्टमन, केनेथ जड आणि स्टीव्हन स्क्लिवास यांनी हाच प्रश्न उलटा करून विचारला. मालकाने जाणूनबुजून असा उलाढालीचा भुकेला मॅनेजर नेमला तर? उत्तर चक्रावणारे होते. काही बाजारांत निव्वळ नफ्यावर डोळा ठेवणाऱ्या मालकालाही असा मॅनेजर नेमून जास्त नफा मिळतो.

हे आकड्यांशिवाय पटत नाही. ऑगस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने 1838 मध्ये दोन खनिज पाण्याच्या झऱ्यांचे उदाहरण घेतले होते, तेच आपण थोडे बदलून घेऊ. एका बाजारात दोनच झरेवाले आहेत. किती पेट्या पाणी भरायचे हे दोघेही आधी, आपापले ठरवतात. सगळा माल बाजारात आला की भाव आपोआप ठरतो, तो असा: 150 मधून एकूण पेट्या वजा करा, उरेल तितके रुपये पेटीला. कूर्नोच्या झऱ्याला खर्चच नव्हता. आपण पेटीमागे 30 रुपये धरू. कारण खर्च शून्य असेल तर उलाढाल आणि नफा एकच होतात, आणि आपली गोष्ट सुरू व्हायच्या आतच संपते.

दोघेही नफा पाहणारे असतील तर हिशेब 40-40 पेट्यांवर स्थिरावतो. भाव 70, पेटीमागे 40 सुटतात, प्रत्येकाला 1600 रुपये. समोरचा 40 भरतो आहे तोवर आपला आकडा बदलण्यात कोणालाच फायदा नाही.

आता पहिला मालक मॅनेजर नेमतो आणि सांगतो, ‘तुझा बोनस उलाढालीवर. पाणी भरायला किती खर्च आला ते तू बघायचे नाही.’ खर्च डोक्यात नसलेला माणस जास्त माल काढणार, हे उघड आहे. पण खरी गंमत दुसऱ्या मालकाच्या घरी घडते. हा मॅनेजर बाजार माल ओतून भरणार हे त्याला कळते. आपण 40 वरच राहिलो तर भाव आणखी पडणार, म्हणून तो हात आखडतो. शेवट होतो 60 आणि 30 वर. भाव 60 रुपये, पेटीमागे 30 सुटतात. पहिल्याला 1800, दुसऱ्याला 900. खर्चाचा विचारही न करणाऱ्या नोकराने मालकाला 200 रुपये जास्त मिळवून दिले!

यावर कोणीही विचारेल, की मग मालकाने स्वतःच ‘मी 60 भरणार’ असे का जाहीर करू नये? कारण त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. समोरचा 30 वर बसला असेल तर मालकाला सर्वांत फायद्याचा आकडा 60 नसून 45 आहे. तेव्हा भाव 75 होतो आणि नफा 2025. म्हणजे शत्रूने माघार घेतली रे घेतली, की आपला शब्द मोडण्याचा मोह समोर उभा. दुसऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो मुळात माघारच घेत नाही. मॅनेजरला मात्र हा मोह नाही. त्याचा बोनस 60 वरच सर्वांत मोठा होतो. त्याचा करार म्हणजे मालकाने कापलेले परतीचे दोर.

सिंहगडाच्या कथेत दोर कापल्याचे आपल्याच मावळ्यांना सांगायचे होते. इथे ते शत्रूला दिसले पाहिजेत, आणि या सगळ्या रचनेचे मर्मस्थान नेमके हेच आहे. समोरच्याला करार दिसलाच नाही, किंवा दिसला पण मालक मागच्या दाराने मॅनेजरला ‘45 च भर, बोनसचे मी बघतो’ असे सांगू शकतो अशी शंका आली, तर माघार कोण घेईल? आपल्याकडे नोंदणीकृत कंपन्यांच्या संचालकांचे मानधन वार्षिक अहवालात छापून येते, ते स्पर्धकही वाचू शकतो. विक्री विभागाच्या बोनसची योजना मात्र सहसा ऑफिसच्या फाइलमध्येच राहते. तेव्हा उलाढालीवर बोनस दिसला की त्यामागे चाल आहे असे समजण्याची घाई नको. विक्री मोजायला सोपी असते, एवढेही कारण पुरेसे असते.

पुढचा खड्डा अधिक खोल आहे. ही युक्ती एकालाच सुचेल असे नाही. दुसऱ्यानेही तसाच मॅनेजर नेमला तर दोघेही 50-50 पेट्या भरतात, भाव 50 वर येतो आणि प्रत्येकाच्या हाती उरतात फक्त 1000 रुपये. आधी साधेपणाने 1600 मिळत होते! तरी एकट्याने मागे फिरणे परवडत नाही, कारण समोर उलाढालवाला असताना आपण नफेवाला नेमला तर 900 च मिळतात. आपले आकडे असे निवडले आहेत, की पहिल्या चालीत मालकाला पूर्ण उलाढालवालाच सर्वांत फायद्याचा ठरतो. मूळ निबंधांत मालक नफा आणि उलाढाल यांचे हवे तसे मिश्रण करू शकतो. तसे केले तर दोघे 48-48 वर थांबतात आणि 1152 रुपये मिळवतात. थोडे बरे, पण 1600 नव्हेच. हसतो तो ग्राहक. त्याची पेटी 70 वरून 54 वर आली.

हे सारे तेव्हाच, जेव्हा स्पर्धा मालाच्या प्रमाणाची असते, म्हणजे क्षमता आधी उभारावी लागते आणि भाव मागून ठरतो. थोड्या वेगवेगळ्या मालाचे दुकानदार थेट भावावर भांडत असतील तर बाण उलटतो. उलाढालवाला मॅनेजर भाव पाडतो, समोरचा मागे सरण्याऐवजी तोही पाडतो. तिथे मालकाला असा मॅनेजर हवा, जो विक्रीच्या मागे लागत नाही आणि भाव चढा ठेवतो. फर्स्टमन आणि जड यांनी 1987 च्या त्यांच्या निबंधात ही दुसरी बाजूही दाखवली होती.

खरी माणसे अशी वागतात का? श्टेफेन हुक, वीलँड म्युलर आणि हान्स-थिओ नॉरमान यांनी प्रयोगशाळेत काहींना मालक आणि काहींना मॅनेजर करून पाहिले. त्याचा निष्कर्ष 2004 मध्ये छापून आला. मालकांनी उलाढालीचे करार फारसे निवडलेच नाहीत, आणि दोन बाजूंचे करार असमान असले की मॅनेजरही गणिताप्रमाणे वागले नाहीत. आपल्या झऱ्यांवर हे लावून पाहिले की त्यात नवल वाटत नाही. पहिला 60 भरतो आहे आणि दुसरा हट्टाने 40 वरच राहिला, तर भाव 50 होतो. हट्ट करणाऱ्याला 900 ऐवजी 800 मिळतात. पहिल्याला 1800 ऐवजी 1200. आपले 100 रुपये घालवून शेजाऱ्याचे 600 बुडवता येत असतील, तर बांधावर भांडणाऱ्या दोन भाऊबंदांपैकी कोणता मागे सरेल?