‘आमच्यापर्यंत पोहोचा’ म्हणजे नेमके काय करायचे?
इंग्रजी कार्यालयीन वाक्प्रचारांचे शब्दशः भाषांतर मराठी वाचकाला का गोंधळात टाकते

विमा दाव्यासंबंधीचे एखादे पत्र मराठीत पुढीलप्रमाणे आले, असे समजू. हे पत्र नमुन्यादाखल तयार केलेले आहे. मात्र त्यातील प्रत्येक वाक्प्रचार कार्यालयीन भाषांतरांत वरचेवर आढळणारा आहे.

“आपल्या दाव्याची कागदपत्रे क्रमात नाहीत. कृपया संलग्न यादी शोधावी व आवश्यक ते करावे. कोणत्याही शंकेसाठी आमच्यापर्यंत पोहोचावे. ३० तारखेपर्यंत पूर्तता करावी. अयशस्वी ठरल्यास दावा बंद उभा राहील. दिवसाच्या शेवटी निर्णय विभागीय कार्यालयाचा असेल.”

या पत्रातील एकही शब्द अवघड नाही. व्याकरणाची ढोबळ चूकही नाही. तरीही ज्या कुटुंबासाठी ते लिहिले आहे, त्याला पुढे काय करायचे याचा उलगडा होत नाही. किंबहुना प्रामाणिकपणे पत्राबरहुकूम वागणारा वाचक चुकीचेच काम करील, ही यातील खरी अडचण आहे.

वाचक काय समजतो?

पहिल्या वाक्यापासूनच हे सुरू होते. इंग्रजीत कागदपत्रे ‘इन ऑर्डर’ नाहीत, याचा अर्थ ती अपुरी आहेत किंवा नियमांनुसार नाहीत. मराठीत ‘क्रमात नाहीत’ याचा अर्थ केवळ खालीवर झाली आहेत, एवढाच होतो. वाचक तीच कागदपत्रे नीट लावून पुन्हा पाठवील आणि दावा होता तेथेच राहील.

‘संलग्न यादी शोधावी’ हे ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ या ठरीव शब्दयोजनेचे भाषांतर आहे. इंग्रजीत येथे काहीही शोधायचे नसते. यादी सोबत जोडली आहे, एवढेच सांगायचे असते. मराठीत मात्र ‘शोधणे’ ही हरवलेल्या किंवा अज्ञात वस्तूसंबंधीची क्रिया आहे.

‘आमच्यापर्यंत पोहोचावे’ या वाक्याची किंमत सर्वांत जास्त असू शकते. ‘रीच आउट’ म्हणजे संपर्क साधणे. दूरध्वनी, पत्र, ई-मेल यांपैकी काहीही चालते. मराठीत ‘पोहोचणे’ ही प्रत्यक्ष जाण्याची क्रिया आहे. तालुक्याच्या गावाहून कोणी एसटीने निघून विभागीय कार्यालयात आले, तर त्यांनी पत्रातील आज्ञेचे अक्षरशः पालन केले, असेच म्हणावे लागेल.

‘अयशस्वी ठरल्यास’ हे ‘फेलिंग विच’ या दोन शब्दांतून आले. तेथे ‘फेल’चा अर्थ ‘न करणे’ असा आहे. प्रयत्न करून अपयश येणे असा नव्हे. ‘उभा राहील’ यातील क्रियापद तर अर्थ जवळजवळ उलटा करते. इंग्रजीत दावा ‘स्टँड्स क्लोज्ड’ म्हणजे तो बंद झालेला असतो. मराठीत एखादी गोष्ट ‘उभी राहते’ तेव्हा ती टिकते किंवा सुरू होते.

शेवटच्या वाक्यातील ‘दिवसाच्या शेवटी’ हा सर्वांत फसवा तुकडा आहे, कारण तो चुकीचा वाटतच नाही. ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’ याचा आशय ‘सरतेशेवटी’ असा आहे. त्यात वेळेचा काहीही संबंध नाही. मराठी वाचक मात्र कार्यालय बंद होण्यापूर्वी निर्णय कळेल असे समजून संध्याकाळपर्यंत वाट पाहील.

चूक कोठे घडते?

वाक्प्रचार हा अनेक शब्दांचा असला तरी अर्थाच्या दृष्टीने एकच शब्द असतो. इंग्रजी वाचकाला ‘रीच आउट’ ऐकताना पुढे केलेला हात दिसत नाही. ती प्रतिमा वापराने झिजून गेलेली आहे. शब्दशः भाषांतर या एकसंध अर्थाचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा मराठी शब्द देते. त्यामुळे इंग्रजीत झिजलेली प्रतिमा मराठीत नव्याने जिवंत होते आणि वाचक तिचाच अर्थ लावू लागतो. चेंडू ‘तुमच्या कोर्टात’ आहे, असे एखाद्या सूचनेत लिहिले, तर टेनिसचे मैदान ज्याच्या मनात नाही, त्याला खटला भरला गेल्याची शंका येणे स्वाभाविक आहे. येथे ‘आता निर्णय आपण घ्यायचा आहे’ एवढेच पुरेसे असते.

अशा चुका तपासणीतून सुटतात, त्यालाही कारण आहे. तपासणारा बहुधा मूळ इंग्रजी मजकूर समोर ठेवून मराठी वाचतो. ‘शोधावी’ दिसताच त्याला ‘फाइंड’ आठवते आणि वाक्य बरोबर वाटते. मराठीचे पुन्हा इंग्रजी करून पाहण्याची पद्धतही येथे उपयोगी पडत नाही. शब्दशः भाषांतर उलट फिरवले की मूळ इंग्रजी जसेच्या तसे परत मिळते. म्हणजे जे भाषांतर सर्वांत वाईट, तेच या कसोटीला सर्वांत चांगले उतरते.

पर्याय कसा निवडावा?

इंग्रजी वाक्य हाती आल्यावर प्रथम शब्दांकडे न पाहता तीन गोष्टी ठरवाव्यात : कोणी करायचे, काय करायचे आणि केव्हापर्यंत करायचे. त्यांची उत्तरे साध्या मराठीत लिहावीत. त्यानंतर तेच काम सांगण्यासाठी मराठी कार्यालयात कोणता शब्द रुळलेला आहे, तो आठवावा. वरील पत्र या रीतीने लिहिले, तर असे होईल :

“आपल्या विमा दाव्यासोबतची कागदपत्रे अपुरी आहेत. मृत्यूचा दाखला आणि वारसाच्या बँक पासबुकाची प्रत अद्याप मिळालेली नाही. आवश्यक कागदपत्रांची यादी सोबत जोडली आहे. ही कागदपत्रे ३० तारखेपर्यंत आपल्या शाखेत द्यावीत किंवा टपालाने पाठवावीत. मुदतीत न मिळाल्यास दावा बंद करण्यात येईल. काही शंका असल्यास पत्रावरील क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्यासाठी कार्यालयात येण्याची गरज नाही. दाव्याबाबतचा अंतिम निर्णय विभागीय कार्यालय घेईल.”

नवे पत्र मुळापेक्षा लांब झाले आहे. कोणती कागदपत्रे कमी आहेत, हे मूळ पत्रात नव्हतेच; ‘आवश्यक ते करावे’ या शब्दांआड ते लपलेले होते. ही माहिती भाषांतरकाराने तर्काने भरायची नसते. ती संबंधित कक्षाकडे विचारून घ्यावी लागते. वाक्प्रचाराचा अर्थ लावताना असा प्रश्न उभा राहिला, तर मूळ इंग्रजी पत्रच अपुरे होते, असे समजावे.

बहुतेक वेळा मात्र शब्द शोधायला दूर जावे लागत नाही. मराठीला राज्यकारभाराची भाषा म्हणून मोठी परंपरा आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्याच वर्षी भाषा संचालनालय सुरू झाले आणि त्याचे परिभाषा कोश तयार होऊ लागले. पोच, मुदत, हरकत, तहकूब, स्मरणपत्र, रुजू होणे, शिक्कामोर्तब हे शब्द कचेरीत रोज वापरले जातात. नव्या कर्मचाऱ्याने १ तारखेला ‘रिपोर्ट’ करायचे असते, तेव्हा ‘अहवाल द्यावा’ असे लिहिल्यास तो कागद लिहून आणील. ‘रुजू व्हावे’ म्हटल्यास वेळेवर हजर होईल. ‘नल अँड व्हॉइड’ या जोडीतील दोन्ही शब्दांसाठी वेगवेगळे प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. ‘रद्दबातल’ या एका शब्दात ती दोन्ही सामावली आहेत.

हिंदीच्या वाटेने येणारा मजकूर

देशभर वितरित होणारा मजकूर अनेकदा इंग्रजीतून थेट मराठीत न येता आधी हिंदीत जातो. लिपी एकच असल्याने हिंदी शब्द तसाच राहतो आणि चूक नजरेस पडत नाही. एखाद्या सूचनेत ‘आपत्ती असल्यास सात दिवसांत कळवावे’ असे आले, तर हिंदीतील ‘आपत्ति’ म्हणजे आक्षेप. मराठी वाचकाला मात्र पूर, भूकंप किंवा आग यांची माहिती मागितली आहे असे वाटेल. मराठीतील शब्द ‘हरकत’ हा आहे. ‘राजीनामा’ हिंदीत तडजोडीचा कागद ठरतो, मराठीत मात्र नोकरी सोडण्याचा. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी वाचकांना दोन्ही भाषांतील अर्थ ठाऊक असण्याची शक्यता असते, म्हणून कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ठरवणे त्यांना अधिकच कठीण जाते.

शब्दशः भाषांतर नेहमीच चूक असते का?

तसे नाही. ‘कारणे दाखवा नोटीस’ हे इंग्रजीचे सरळ भाषांतर आहे, आणि ते कोणालाही अडत नाही. ‘लाल फितीचा कारभार’ हाही उसनाच, परंतु फायलींना बांधलेली फीत लोकांनी पाहिलेली होती, म्हणून तो रुजला. सभागृहाच्या ‘पटलावर ठेवणे’ हे विधिमंडळाच्या कामकाजात पक्के झाले आहे. मंजुरीसाठी मराठीने ‘हिरवा कंदील’ निवडला. रेल्वे फलाटावरील गार्डच्या हातातील दिवा सर्वांच्या परिचयाचा होता. प्रतिमा वाचकाच्या अनुभवातील असेल आणि अर्थ एकच निघत असेल, तर उसना शब्दप्रयोग चालतो.

उलट, मराठी म्हण आठवली म्हणून ती वापरावी, असेही नाही. वर्षानुवर्षे रखडलेल्या प्रकरणाला बोलताना ‘भिजत घोंगडे’ म्हणणे चपखल आहे. अर्जदाराला पाठवायच्या पत्रात मात्र ‘आपले प्रकरण प्रलंबित आहे’ असेच लिहावे. ते तेथे थट्टेसारखे वाटत नाही. कायद्याच्या मजकुरात तर अधिक सावधगिरी लागते. ‘विदाउट प्रेज्युडिस’ याचे ‘पूर्वग्रहाशिवाय’ हे भाषांतर चुकीचे आहे. कायद्याच्या मराठीत तेथे ‘बाध न आणता’ अशी योजना होते. ती कानाला जड वाटली तरी तिच्यामुळे कोणाचा तरी हक्क अबाधित राहत असतो, म्हणून ती सोपी करण्यासाठी बदलू नये.

भाषांतर पूर्ण झाल्यावरची तपासणी सोपी आहे. ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेले नाही, अशा व्यक्तीच्या हाती केवळ मराठी मजकूर द्यावा. ‘समजले का?’ असे तिला विचारू नये, कारण संकोचाने बहुतेक जण होकार देतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. उत्तरात ‘कार्यालयात जाऊन येईन’ किंवा ‘संध्याकाळपर्यंत थांबेन’ असे ऐकू आले, तर कोणते वाक्य पुन्हा लिहायचे हे लगेच कळते.