‘आय हॅव पेन इन...’ आणि पुढे काहीच नाही

समजा, तुम्ही बंगळुरूला आहात आणि नागपूरला एकट्या राहणाऱ्या तुमच्या काकांचा मोबाइलवर मेसेज येतो, ‘आय हॅव पेन इन’. बस, एवढंच. मराठीत लिहिलं असतं तर दुखण्याची जागा आधी आली असती. इंग्रजी वाक्यात ती शेवटी येते आणि नेमकी तीच राहून गेली.

आपला हात लगेच टाइप करायला जातो : कुठे दुखतंय? कधीपासून? काय खाल्लं होतं? प्रश्न चुकीचे नाहीत, पण आत्ताचे नाहीत. मेसेज कदाचित चुकून बोट लागून गेला असेल. पण छातीत कळ आल्यामुळे किंवा पक्षाघातात हात लुळा पडल्यामुळेही टाइप करणं थांबू शकतं. म्हणून उत्तर लिहीत बसू नका, फोन करा. आवाजातून जे कळतं ते मेसेजमधून कळत नाही : धाप लागली आहे का, जीभ जड झाली आहे का, शब्द सापडत नाहीत का.

काकांनी फोन उचलला, तर पहिला प्रश्न असा हवा की ज्याच्या उत्तरावर तुमची पुढची हालचाल ठरेल. ‘काका, छातीत दुखतंय का? श्वास घेता येतोय ना?’ उत्तर हो-नाहीत देता आलं पाहिजे. छातीत नाही म्हणाले तरी जबडा, खांदा, डावा हात, पाठ आणि घाम यांबद्दल विचारा; वयस्कर माणसांत आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. यातलं काही असेल, किंवा बोलणं अडखळत असेल, तर बाकीची चौकशी तिथेच सोडा आणि रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे त्रास कधी सुरू झाला ती वेळ मात्र लिहून ठेवा.

आणि ‘अरे, गुडघा दुखतोय, लिहिता लिहिता दार वाजलं,’ असं म्हणाले, तर मग सावकाश विचारा. पडलात का, सूज आहे का, पाय टेकवता येतो का. इथे उगाच धावपळ करून म्हाताऱ्या माणसाला घाबरवण्यात अर्थ नाही.

फोन उचललाच नाही तर? दुसऱ्यांदा लावा आणि तरीही उचलला नाही, तर शेजाऱ्यांना लावा. उत्तराची वाट बघत अर्धा तास घालवू नका. एक अडचण परगावी राहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही : बंगळुरूहून ११२ लावलात तर कॉल कर्नाटकातल्या केंद्रात जातो. नागपूरची मदत हवी, तर तिथल्याच माणसाने ११२ किंवा १०८ लावलेलं बरं. म्हणून काकांच्या शेजाऱ्यांचा, सोसायटीच्या वॉचमनचा आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि घराची जादा किल्ली कोणाकडे आहे तेही विचारून घ्या.