पित्ताशय काढल्यानंतरचे ताट
तेलातुपाला कायमची रजा नव्हे, केवळ काही आठवड्यांची सवड

पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया आता घराघरांत परिचयाची झाली आहे. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. त्यानंतर मोठ्या छेदाची जागा तीन-चार लहान छिद्रांनी घेतली आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परतू लागला. मात्र घरी आल्यावर स्वयंपाकघरात खरा गोंधळ सुरू होतो. कोणी सांगतो, आयुष्यभर तूप वर्ज्य. कोणी म्हणतो, अशक्तपणा आला आहे, तुपातला शिरा द्या. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर उकडलेला बटाटा, गाजराचे सूप आणि रात्री आठचे हलके जेवण लिहिलेले असते आणि यांतील एकही गोष्ट जैन घरात चालत नाही. परिणामी रुग्ण काही दिवस केवळ भाताच्या पेजेवर काढतो आणि कंटाळून एखाद्या लग्नाच्या पंगतीत पुरी-भाजीवर ताव मारतो. त्रास होतो तो दुसऱ्या दिवशी.

पित्ताचे काम थांबत नाही

पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात नव्हे. पित्ताशय ही केवळ साठवणीची पिशवी आहे. दोन जेवणांच्या मधल्या काळात ती पित्त साठवून घट्ट करते आणि स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरला की आकुंचन पावून साठा एकदम सोडते. पिशवी काढल्यावर यकृतातील पित्त थोडे थोडे, सतत आतड्यात झिरपत राहते. थोड्या स्निग्धांशाला ते पुरेसे असते. एकाच बैठकीत मोठ्या प्रमाणात तेल-तूप पोटात गेले, तर मात्र त्याचे नीट पचन होत नाही. पोट फुगते, गुरगुरते, शौचास पातळ होते.

दुसरी अडचण निराळी आहे. जेवण नसतानाही झिरपणाऱ्या पित्ताचा काही भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि तेथे पाणी सुटते. म्हणून काहींना सकाळी उठताच घाईने शौचास जावे लागते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, कारण आतडे नव्या व्यवस्थेला सरावते. यावरून पथ्याचे सूत्र निघते. स्निग्धांश शून्यावर आणायचा नाही, तो दिवसभरात लहान लहान वाट्यांत विभागायचा. जीवनसत्त्व अ, ड, ई आणि के शरीरात शोषली जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतोच.

पहिला आठवडा: सूर्योदय ते सूर्यास्त

शल्यचिकित्सकांनी तोंडाने घेण्यास परवानगी दिल्यावर पहिला दिवस उकळून निववलेले पाणी, भाताची पातळ पेज, मुगाचे गाळलेले कढण आणि शहाळ्याचे पाणी यांवर जातो. मळमळ नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ अन्न सुरू करता येते. मुगाची खिचडी येथे सर्वांत उपयोगी पडते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ आणि सहा ते सात वाट्या पाणी घेऊन दाणा बोटाने सहज चिरडेल इतकी ती शिजवावी. हळद, हिंग, जिरे आणि मीठ घालावे. आल्याऐवजी चिमूटभर सुंठ चालते.

बटाटा आणि गाजर यांची जागा घेण्यास जैन स्वयंपाकघरात पर्याय आहेत. उकडलेले कच्चे केळे बटाट्यासारखा मऊ गर देते. लाल भोपळ्याचे सूप गाजराच्या सुपाइतकेच गोडसर लागते. दुधी, दोडका आणि पडवळ साल काढून मऊ शिजवता येतात. मूग, दुधी आणि लापशी यांत पाण्यात विरघळणारा चोथा असतो. तो पित्तातील आम्लांना धरून ठेवतो आणि शौच बांधून येण्यास मदत करतो. कोबी, फ्लॉवर, हरभरा आणि वाल मात्र वायू धरतात, त्यांना पुढच्या महिन्यासाठी ठेवावे.

चौविहार पाळणाऱ्या घरात पाच लहान जेवणे दिवसाच्या उजेडात बसवावी लागतात. नवकारसीनंतर सव्वासातच्या सुमारास लापशी किंवा पेज, पावणेदहाला पिकलेले केळे किंवा पपई, बाराला खिचडी आणि दुधीची भाजी, अडीचला लोणी काढलेले पातळ ताक आणि साळीच्या लाह्या, तर साडेपाचच्या आत मऊ भात आणि मुगाचे वरण, अशी मांडणी सोयीची होते. ताक येथे मुद्दाम लाह्यांबरोबर ठेवले आहे. कच्चे ताक डाळीबरोबर घेतल्यास द्विदलाचा प्रश्न येतो, आणि रुग्णाच्या ताटात नियम आणि पथ्य दोन्ही सांभाळले गेले तरच तो निर्धास्तपणे जेवतो.

नेहमीची चूक शेवटच्या जेवणात होते. रात्रभर काही घ्यायचे नाही म्हणून सायंकाळी भरपेट जेवण वाढले जाते. पिशवी नसलेल्या पोटाला नेमके हेच सोसत नाही. सायंकाळचे जेवण दुपारपेक्षा लहानच असावे. रात्री गोळी घेण्यासाठी पाणीही न घेण्याचा नियम असेल, तर तो शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावा. औषधाच्या वेळा बदलता येतात का, हे त्यांनीच ठरवायचे असते.

चमच्याचा हिशेब

तेल असो वा तूप, चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे 4 ते 5 ग्रॅम स्निग्धांश असतो. पहिल्या आठवड्यात एका जेवणात अर्धा चमचा पुरे. अडचण अशी की आपल्याकडे तेल चमच्याने नव्हे, पळीने पडते. त्यावर सोपा उपाय आहे. वरण किंवा भाजी सर्वांसाठी फोडणीविना शिजवावी, रुग्णाची वाटी आधी काढून त्यावर अर्ध्या चमच्याची फोडणी द्यावी आणि उरलेल्या भांड्यात घरच्या सवयीप्रमाणे करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी घालावी. पदार्थ एकच राहतो, पंगत एकच राहते आणि आपल्याला वेगळे, आजाऱ्याचे वाढले जात आहे ही खंत रुग्णाच्या मनात येत नाही.

तेलाविना चव आणण्याची कला आयंबिल करणाऱ्या घरांना शिकवावी लागत नाही. मिरे, हिंग, सुंठ, सैंधव आणि कोरडे भाजलेले पीठ यांवर नऊ-नऊ दिवस स्वयंपाक करणाऱ्या गृहिणी आहेत. त्यांतील कृती येथे उपयोगी पडतात, मात्र एकाच बैठकीचा नियम सध्या दूर ठेवावा. एकासणे, आयंबिल किंवा उपवास पुन्हा केव्हा सुरू करायचा, हे शल्यचिकित्सकांना विचारून ठरवावे.

एका वेळी एकच नवा पदार्थ

दुसऱ्या आठवड्यापासून नेहमीचे अन्न परत आणता येते. नवा पदार्थ नेहमी दुपारी, थोड्या प्रमाणात आणि एकटाच घ्यावा, त्यानंतर दोन दिवस दुसरा नवा पदार्थ घेऊ नये. त्रास झाला तर कारण कोणते हे तेव्हाच कळते. दुकानाच्या वहीसारखी एक लहान वही ठेवून तारीख, पदार्थ, प्रमाण आणि दुसऱ्या सकाळचा परिणाम एवढ्या चार नोंदी कराव्यात.

उदाहरणासाठी भूममधील किराणा दुकानदाराच्या घरातील पन्नाशीच्या गृहिणीची वही कल्पनेने मांडून पाहू. आठव्या दिवशी तिने ज्वारीची अर्धी भाकरी मुगाच्या वरणात कुस्करून खाल्ली. ज्वारीत स्निग्धांश फारच थोडा असतो, त्रास झाला नाही. अकराव्या दिवशी तुरीचे वरण एक वाटी, पोट थोडे जड. तेच वरण तीन दिवसांनी अर्धी वाटी घेतले, ठीक. सतराव्या दिवशी साय काढलेले दूध अर्धा पेला, ठीक. एकविसाव्या दिवशी शेंगदाण्याची चटणी एक चमचा, तीही ठीक.

चौथ्या आठवड्यात पाहुण्यांनी कुंथलगिरीहून पेढे आणले. भूम तालुक्यातील या सिद्धक्षेत्राचा खवा प्रसिद्ध आहे आणि दर्शनाहून पेढे न आणता परतणारे विरळाच. म्हशीच्या दुधाच्या खव्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 30 ग्रॅम स्निग्धांश असतो. वीस ग्रॅमच्या पेढ्यात साखर वजा जाता साधारण चहाच्या एका चमच्याइतके तूप आले. तिने दुपारी अर्धा पेढा खाल्ला, काही झाले नाही. तीन दिवसांनी मात्र एकाच जेवणात दोन पेढे, तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि दोन चमचे तेलाची भाजी असे सारे आले. दुसऱ्या सकाळी तीनदा पातळ शौच.

पेढा सोसत नाही, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. वही सांगते की पेढा आणि चटणी दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सोसले होते. दोन पेढ्यांचे नऊ-दहा ग्रॅम, चटणीचे पाच-सहा आणि भाजीचे दहा, म्हणजे एका बैठकीत सुमारे 25 ग्रॅम. भार बेरजेचा होता. तिने दोन दिवस पुन्हा खिचडी आणि दुधी यांवर काढले, नंतर एक पेढा खाण्याच्या दिवशी चटणी वगळली आणि भाजीला अर्धाच चमचा तेल घातले. त्रास झाला नाही. तळलेली पुरी, भजी आणि शेव मात्र तिने दोन महिन्यांनंतर, एक-दोन घासांपासून सुरू केली. अनेकांना तीन-चार आठवड्यांतच जवळजवळ सर्व पदार्थ सोसू लागतात, काहींना महिने लागतात. दुसऱ्याच्या वहीवरून आपले पथ्य ठरवू नये.

आहाराने न सुटणारे

ताप येणे, डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद आणि शौच पांढरट होणे, उजव्या कुशीत वाढत जाणारी वेदना, न थांबणारी उलटी किंवा जखमेतून पू येणे ही लक्षणे आहाराची नव्हेत. पित्तनलिकेत खडा राहिल्याची, तिला इजा झाल्याची किंवा संसर्गाची ती खूण असू शकते, त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना गाठावे. पातळ शौच काही आठवड्यांनंतरही थांबत नसेल तर निव्वळ पथ्य वाढवत बसू नये. पित्ताम्ले बांधून ठेवणारे औषध उपलब्ध आहे आणि ते डॉक्टरच देऊ शकतात. मधुमेह असणाऱ्यांना पेज, केळे आणि मऊ भात यांनी साखर वाढते, त्यांनी लापशी, मूग आणि दुधी यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून वाढवावे.