अर्थाचा नकाशा

यवतमाळकडचा शेतकरी कपाशीला पऱ्हाटी म्हणतो. पानांच्या कडा तांबडायला लागल्या की तो मोबाइलवर लिहितो, ‘पऱ्हाटीची पानं लाल झाली’. त्याला हवा असलेला लेख माहितीसाठ्यात असतो, पण त्याचं शीर्षक असतं, ‘कापसावरील लाल्या विकृतीचे व्यवस्थापन’. दोन्हींत एकही शब्द समान नाही. अक्षरं जुळवून शोधणारा संगणक इथे रिकाम्या हाताने परत येतो. शेजारच्या माणसाला मात्र दोन्ही वाक्यं एकाच दुखण्याची आहेत हे लगेच कळतं.

हे शेजाऱ्याचं कळणं संगणकात उतरवण्याचा मार्ग म्हणजे एम्बेडिंग. नकाशावर प्रत्येक गावाला अक्षांश-रेखांश असतात, तसे इथे प्रत्येक मजकुराला आकडे मिळतात. अर्थ जवळचा असेल तर जागाही जवळ येते.

समजण्यासाठी आपण दोनच आकड्यांचा नकाशा आखू. पहिला आकडा कपाशीचा, दुसरा रोगराईचा. शेतकऱ्याचा प्रश्न (3, 4) वर बसला आणि लाल्याचा लेख (4, 3) वर. ‘कापसाचे बाजारभाव’ ही बातमी कपाशीचीच, पण रोगापासून लांब, म्हणून तिची जागा (4, −3). आता मूळ बिंदूपासून, म्हणजे (0, 0) पासून, तिन्हींकडे बाण काढा आणि कोणते दोन बाण एकाच दिशेला झुकलेत ते पाहा. त्यासाठी जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज करायची आणि तिला दोन्ही बाणांच्या लांबीने भागायचं. इथे प्रत्येक बाणाची लांबी 5 आहे. प्रश्न आणि लेख यांचं गणित 12 अधिक 12, म्हणजे 24. त्याला 25 ने भागलं की 0.96. प्रश्न आणि बाजारभाव यांचं 12 वजा 12, म्हणजे शून्य. 1 म्हणजे दिशा तंतोतंत एक. तेव्हा लाल्याचा लेख वर येतो आणि बाजारभाव मागे पडतो. या मोजमापाला कोसाइन साम्य म्हणतात, आणि साम्यशोधाचा गाभा एवढाच आहे.

खऱ्या नकाशात दोन नव्हे, शेकडो आकडे असतात. 384 आकड्यांची मॉडेलं सर्रास वापरात आहेत. त्यांतला एखादा आकडा ‘रोगराईचा’ असं बोट ठेवून सांगता येत नाही, कारण ते कोणी माणसाने ठरवलेले नसतात.

मग ठरवतं कोण? शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये मांडलं होतं. 2013 मध्ये गूगलमधील टोमाश मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘वर्डटूव्हेक’ ही पद्धत आणली. तिने हीच गोष्ट प्रचंड मजकुरावर करून दाखवली. सुरुवातीला सगळे शब्द कुठेही विखुरलेले असतात. संगणक आजूबाजूच्या शब्दांवरून मधला शब्द ओळखू पाहतो आणि चुकला की आकडे किंचित सरकवतो. असं कोट्यवधी वेळा झालं की ‘पऱ्हाटी’ आणि ‘कापूस’ जवळ येतात, कारण पेरणी, बोंड, वेचणी हे दोघांचेही सोबती. पुढच्या मॉडेलांनी शब्दांऐवजी अख्ख्या वाक्याला जागा द्यायला सुरुवात केली. यात एक अट दडलेली आहे: ‘पऱ्हाटी’ शब्द मजकुरात पुरेशा वेळा आलेला असावा लागतो. वऱ्हाडी बोली लिहिली गेलीच नसेल, तर तिची जागा भलतीकडेच पडते.

संगतीवर सगळी भिस्त असल्यामुळे काही चुका ठरलेल्या आहेत. ‘पाऊस पडला’ आणि ‘पाऊस पडला नाही’ यांची संगत जवळपास एकच, त्यामुळे नकाशावर ती शेजारी बसतात. ‘10 मिली औषध’ आणि ‘100 मिली औषध’ यांचंही तेच. शिवाय सगळ्यात जवळचा बिंदू कोणता, या प्रश्नाला नेहमीच उत्तर असतं. साठ्यात लाल्यावर काहीच नसेल, तरी यंत्रणा निमूटपणे दुसरंच काहीतरी पुढे करते.

म्हणून अशी शोधयंत्रणा उभारणाऱ्याने आधी उत्तर ठाऊक असलेले पन्नासेक प्रश्न, शेतकरी बोलतात त्याच शब्दांत, विचारून पाहावेत. साठ्यात उत्तर नसलेले काही प्रश्नही त्यांत मिसळावेत आणि दोन्हींचे गुण ताडून पाहावेत. किती गुणांखाली ‘माहिती मिळाली नाही’ म्हणायचं, ते त्यावरूनच ठरतं. दुसऱ्या मॉडेलची पट्टी इथे चालत नाही, कारण प्रत्येकाचा नकाशा वेगळा असतो.

आणि शोधणाऱ्याला एक विनंती. हा नकाशा तुम्हाला योग्य पानापर्यंत नेईल, पण औषधाचं प्रमाण त्या पानावर स्वतः वाचा आणि डब्यावरच्या लेबलशी ताडून मगच पंपात घाला.